बेसिनच्या वरच्या भोकातला वास

बेसिन रोज घासलं, जाळीत फिनेल ओतलं, डांबराच्या गोळ्या टाकल्या, तरी दात घासायला वाकलं की कुबट वास येतोच, अशी तक्रार पुष्कळ घरांत असते. वास शोधताना सगळ्यांचं लक्ष खाली, जाळीकडे जातं. तो पुष्कळदा वरून येत असतो. बेसिनच्या आतल्या भिंतीत, काठापासून थोडं खाली, एक छोटं गोल किंवा लांबट भोक असतं. त्याला कधी स्टीलची कडी असते, कधी नसते. प्लंबर त्याला ‘ओव्हरफ्लो’ म्हणतात. वाकलेल्या माणसाच्या नाकाला जाळीपेक्षा हेच भोक जवळ असतं.

नळ चुकून चालू राहिला आणि जाळीवर फडकं किंवा बूच बसलेलं असलं, तर पाणी काठावरून घरात सांडण्याआधी या भोकातून निघून जावं, एवढंच त्याचं काम. आपल्याकडे ते काम खरोखर पडतं. पाणी गेलेलं असताना नळ सोडून बघायचा, तो तसाच उघडा विसरायचा आणि बाहेर पडायचं, हा प्रकार ठराविक वेळी पाणी येणाऱ्या शहरांत कुणाला नवा नाही. म्हणून वास येतो म्हणून भोक सिमेंटने किंवा सिलिकॉनने कायमचं बुजवू नये.

आत काय असतं

चिनी मातीचं बेसिन या भागात दुपदरी असतं. दोन पदरांमधल्या पोकळीतून एक चपटी वाट भोकापासून बेसिनच्या तळापर्यंत उतरते. तळाच्या छिद्रात पितळी किंवा स्टीलचं कपलिंग बसवलेलं असतं, म्हणजे ज्याच्या तोंडावर जाळी असते ती नळी. ओव्हरफ्लो असलेल्या बेसिनला ‘हाफ थ्रेड’ कपलिंग लागतं. त्याच्या अंगाला, जाळीच्या थोडं खाली, खिडक्यांसारख्या खाचा असतात. वरून पोकळीत आलेलं पाणी या खाचांतून नळीत पडतं आणि पुढे गटाराकडे जातं.

घाणीचा उगम या खाचांत आहे. रोज जाळीतून जाणारं पाणी खाचांवरून वाहतं, आणि टूथपेस्टचा फेस, साबण, दाढीचे केस, थुंकी यांचे शिंतोडे खाचांतून आत, पोकळीच्या तळाशी उडतात. वरच्या भोकातून मात्र महिनोन् महिने पाण्याचा थेंब उतरत नाही, कारण बेसिन काठोकाठ भरायची वेळच येत नाही. म्हणजे घाण खालून शिरत राहते आणि तिला धुऊन नेणारं पाणी वरून येत नाही. पोकळीचा आतला पृष्ठभाग बाहेरच्याइतका गुळगुळीत नसतो, तिथे ऊन नाही, वारा नाही, ओल कायम. त्या चिकट खाद्यावर जिवाणू आणि बुरशी यांचा बुळबुळीत थर धरतो. नळ सोडला की खाली जाणारं पाणी नळीतली हवा ढकलतं, ती हवा खाचांतून पोकळीत शिरते आणि थरावरून फिरून वरच्या भोकातून बाहेर येते. एरवी वास नसतो आणि नळ सोडल्यावरच भपकारा येतो, त्याचं कारण हे.

वास कुठला, हे आधी ठरवा

सफाईला लागण्याआधी चार सोप्या गोष्टी बघाव्यात. कान साफ करायची कापसाची काडी भोकातून आत फिरवून बाहेर काढा. तिला काळपट, करडा किंवा गुलाबीसर चिकटा लागला, तर थर आत आहे हे नक्की. भोकाच्या आसपास बारीक, केसाळ पंखांच्या, भिंतीवर बसून राहणाऱ्या माशा दिसत असतील तर त्यांची अंडी आणि अळ्या याच थरात असतात.

मग एक पेला पाणी नळकांड्याने किंवा सॉसच्या रिकाम्या बाटलीने भोकात सोडा. ते बेसिनखालच्या पाइपात पडल्याचा आवाज यायला हवा. पाणी उलटं बेसिनमध्ये आलं, तर वाट तुंबली आहे किंवा कपलिंग चुकीचं आहे. खाचा नसलेलं ‘फुल थ्रेड’ कपलिंग हे ओव्हरफ्लो नसलेल्या, टेबलावर ठेवायच्या बेसिनसाठी असतं. ते भोकाच्या बेसिनला बसवलं की पोकळी तळाशी बंद होते, आत गेलेलं पाणी तिथेच साचून कुजतं. मग कितीही धुतलं तरी वास परत येतो. उपाय एकच, कपलिंग बदलणं.

शेवटी भोकावर रात्रभर चिकटपट्टी लावून बघा. भोक बंद असूनही सकाळी न्हाणीघरात सडक्या अंड्यासारखा वास असेल, तर दोष पोकळीत नाही, गटाराच्या वाटेत आहे. बेसिनखालचा पाइप जमिनीतल्या भोकात नुसता खोचलेला असतो, तिथल्या फटीतून तो येतो. घर बरेच दिवस बंद राहिलं की ट्रॅपमधलं वास अडवणारं पाणी वाळून जातं, तेव्हाही असंच होतं. तिथे पेलाभर पाणी ओतणं आणि फट रबरी कडीने बंद करणं हा इलाज आहे. पोकळी धुऊन काही साधत नाही.

नुसतं वरून ओतून का भागत नाही

भोकातून गरम पाणी, सोडा, व्हिनेगर ओतायचं, हा घरगुती सल्ला सगळीकडे मिळतो. ओतलेलं पाणी पोकळीच्या एकाच बाजूने ओघळतं आणि काही सेकंदांत खाचांतून निघून जातं. थराला भिजायला वेळच मिळत नाही. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र केले की फेस छान येतो, पण दोघं एकमेकांना मारतात आणि उरतं ते जवळजवळ साधं खारट पाणी. बेसिनला बूच लावूनही उपयोग नाही, कारण खाचा बुचाच्या खाली असतात.

म्हणून पाणी कपलिंगच्या खाली अडवायचं. खालची वाट बंद करून बेसिन भरलं की पाणी खाचांतून पोकळीतही चढतं आणि दोन्हीकडे एकाच पातळीला येतं. बेसिन भोकाच्या खालच्या कडेपर्यंत भरलं की लपलेली सगळी वाट आतून पाण्याखाली जाते.

माझ्या मावशीच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये हे कसं केलं ते सांगते. तिच्या बेसिनला वळ्यावळ्यांचा प्लास्टिकचा लवचिक पाइप आहे. त्याचं खालचं टोक जमिनीतून उपसून काढलं, बेसिनच्या काठापेक्षा वर आणलं आणि सुतळीने नळाला बांधलं. वाट बंद करायला एवढं पुरलं. खाली बादली ठेवली, कारण कपलिंगचं जुनं वॉशर कधीकधी अशा वेळी ठिबकतं. भोकाची स्टीलची कडी नुसती दाबून बसवलेली होती, ती ओढून काढली.

मग बेसिनमध्ये हाताला सोसेल इतकं गरम पाणी भरलं. उकळतं घ्यायचं नाही, त्याने चिनी मातीला तडा जाऊ शकतो आणि प्लास्टिकचा पाइप मऊ पडतो. त्यात धुण्याच्या सोड्याचे चार मोठे चमचे आणि भांड्यांच्या लिक्विडचा एक चमचा विरघळवला. धुण्याचा सोडा ओशटपणा सोडवतो, खाण्याच्या सोड्यात ती ताकद नाही. अर्धा तास तसंच ठेवलं. मधूनमधून स्ट्रॉ धुवायचा लांब, बारीक, वाकणारा ब्रश भोकातून आत घालून वरखाली आणि दोन्ही बाजूंना फिरवला. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतच पाण्यावर काळ्या चिंध्या तरंगायला लागल्या. लोखंडी तार वापरू नये, ती आत ओरखडे पाडते आणि घाणीला आणखी पकड मिळते.

अर्ध्या तासाने पाइपाचं टोक खाली बादलीत सोडलं. आलेलं पाणी पाहून मावशीने नाक दाबलं. टोक पुन्हा वर बांधून बेसिन साध्या पाण्याने भरलं, बादलीत सोडलं, आणि तिसऱ्यांदा थंड पाणी भरून त्यात ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं घरगुती द्रावण, एक कप घातलं. बेसिनमध्ये ५ ते ६ लिटर पाणी मावत होतं, त्याला एवढं पुरे. १० मिनिटांनी सोडून दिलं. याहून जास्त वेळ ठेवलं तर कपलिंगवरचा चमकदार मुलामा काळवंडतो. शेवटी दोनदा साधं पाणी, पाइपाच्या वळ्यांमधली घाण ब्रशने काढणं आणि पाइप जागेवर.

बेसिनला बॉटल ट्रॅप असेल तर त्याच्या चकत्या हाताने सैल करून ट्रॅप उतरवावा, कपलिंगच्या टोकात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फडक्याचा घट्ट बोळा बसवावा आणि बाकी सगळं तसंच करावं. तळाशी पाण्याचा दाब फारसा नसतो, बोळा टिकतो. ट्रॅपची वाटी त्याच वेळी धुऊन घ्यावी. जाळीऐवजी दाबून उघडणारं पॉप-अप झाकण असेल तर ते फिरवून काढता येतं आणि खाचाही वरून दिसतात.

धोका कुठे आहे

ब्लीचच्या जवळ त्या दिवशी व्हिनेगर, बाथरूमचं ॲसिड किंवा संडास धुवायचं आम्लाचं द्रावण आणू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद न्हाणीघरात तो छातीत भरतो. खिडकी उघडी ठेवा, रबरी मोजे घाला. बोअरच्या पाण्याने पोकळीत पांढरी क्षाराची खपली धरली असेल तर व्हिनेगरचा उपयोग होतो, पण तो वेगळ्या दिवशी, आधी भरपूर पाणी सोडून. तुंबलेला पाइप मोकळा करायची कॉस्टिक सोड्याची पूड या भोकात घालू नका. अरुंद वाटेत ती ओली होऊन दगडासारखी घट्ट बसते आणि मग बेसिनच बदलावं लागतं.

थर पुन्हा धरणार आहे, कारण शिंतोडे रोज उडणार आहेत. महिन्यातून एकदा सॉसच्या बाटलीत कोमट पाणी आणि लिक्विडचे चार थेंब घेऊन भोकात जोराने मारा, पाठोपाठ तांब्याभर साधं पाणी. एवढं नेमाने केलं तर पाइप काढून मोठी सफाई वर्षातून एकदा पुरते. आणि मोठ्या सफाईनंतर आठवड्याभरातच वास परतला, तर पुन्हा सोडा आणायला जाऊ नका. प्लंबरला बोलवा आणि कपलिंग हाफ थ्रेडच आहे ना, एवढं आधी बघायला सांगा.