चाळीस मुलं आणि काड्यांचे गठ्ठे

२०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर साताऱ्यातल्या कुमठे बीटचे ज्ञानरचनावादी वर्ग राज्यभर चर्चेत आले. हिंगोली जिल्ह्यात चाळीस मुलांच्या वर्गावर नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाने मात्र सुरुवातीला एकच घटक कृतीतून घ्यावा. हातच्याची वजाबाकी त्यासाठी उत्तम!

वीस मुलं चार-चारच्या गटांत काड्या घेतील, उरलेली वीस स्वाध्याय सोडवतील. अर्ध्या तासिकेनंतर अदलाबदल.

५२ वजा १७ घ्या. दहा-दहाचे पाच गठ्ठे, दोन सुट्या काड्या. सात काढायला सुट्या पुरत नाहीत, म्हणून मूल स्वतःच एक गठ्ठा सोडतं. आता चार गठ्ठे, बारा सुट्या, उत्तर ३५.

कुणी ४५ लिहिलं, तर त्याने सातातून दोन वजा केलेत. त्याला पुन्हा गठ्ठा सोडायला द्यावा. तोच भाग फळ्यावर पुन्हा शिकवू नये. अभ्यासक्रम मागे पडतो तो या दुहेरी शिकवण्यानेच.