मदतीच्या अर्जात डॉक्टरांचं टिपण

मुलाच्या हृदयशस्त्रक्रियेसाठी धर्मादाय ट्रस्टकडे पाठवलेल्या अर्जात गरिबीचं वर्णन पानभर असतं, आजाराचं मात्र एका ओळीत. ट्रस्टचे डॉक्टर आधी वैद्यकीय सारांश वाचतात.

समजा, चार वर्षांच्या मुलीच्या हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला मोठं छिद्र आहे. सारांशात छिद्राचा आकार, इकोची तारीख, मुलीचं वजन, वारंवार होणारा न्यूमोनिया आणि फुप्फुसातील रक्तदाब लिहावा. शिवाय ‘आत्ताच का?’ याचं उत्तर हवं. हा दाब वाढत राहिला तर फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या कायमच्या बिघडतात आणि मग छिद्र बुजवणंच धोक्याचं ठरतं.

पुढे हिशेब मांडावा. रुग्णालयाचा अंदाज २,४०,००० रुपये, सवलत ४०,०००, कुटुंबाचे ३०,०००, दुसऱ्या ट्रस्टकडून ५०,०००. म्हणजे मागणी १,२०,००० रुपयांची. इतरांकडून मिळालेली मदत लपवू नये. सरकारी योजनेत अर्ज केला असेल, तर त्याचा निकालही लिहावा.

सोबत शिक्का-सहीचं अंदाजपत्रक, इकोचा अहवाल, उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका जोडावी. धनादेश रुग्णालयाच्या नावानेच मागावा.