बेचाळीस अंशांतली लस्सी

दही तयार करणाऱ्या डेअरीत एक उबदार खोली असते. तिथलं तापमान मुद्दाम 42 अंशांच्या आसपास राखतात, कारण दह्यातले काही जिवाणू त्याच उबेत झपाट्याने काम करतात. छत्रपती संभाजीनगरात मे महिन्यातली कडक दुपार जवळजवळ तेवढी ऊब फुकट देते. सकाळी करून ओट्यावर ठेवलेली लस्सी पाहुणे येईपर्यंत तिथे पुन्हा विरजत असते!

लस्सीचं आंबणं आणि फुटणं हे एकाच घटनेचे दोन परिणाम आहेत. दुधात केसीन या प्रथिनाचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात. त्यांच्यावर सारखाच विद्युतभार असल्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात आणि दूध पातळ राहतं. जिवाणू दुधातल्या साखरेचं आम्ल करतात, तसतसा हा भार कमी होतो. सामू 4.6 च्या जवळ आला की भार संपतो, कण एकमेकांना चिकटतात आणि त्यांचं जाळं तयार होतं. मुख्यतः पाण्याचंच असलेलं दूध अशा रीतीने कवडीचं दही होऊन उभं राहतं. मला यात दर वेळी नवल वाटतं: एवढं सगळं पाणी त्या नाजूक जाळ्यात अडकून असतं.

रवी फिरवली की जाळ्याचे तुकडे होतात. वर पाणी घातलं की तुकडे विरळ होऊन तळाशी बसू लागतात. त्यात आम्ल वाढत गेलं, तर तुकडे आकसून आतलं पाणी बाहेर टाकतात. म्हणून वर निवळ येते. तिची हिरवट पिवळी छटा ब-2 जीवनसत्त्वाची असते.

आता वीस जणांच्या जेवणाचं पाहू. प्रत्येकी 200 मिली धरले तर चार लिटर लस्सी लागेल. त्यासाठी तीन लिटर म्हशीचं दूध आदल्या दिवशी उकळी आल्यावर मंद आचेवर दहा मिनिटं ढवळत तापवायचं. या उष्णतेने दुधातली दुसरी प्रथिनं उलगडून केसीनला जाऊन चिकटतात आणि पुढे जाळं पाणी जास्त घट्ट धरतं. दूध कोमट झालं की ताजं, गोडसर विरजण लावायचं. उन्हाळ्यात दही चार-पाच तासांतही लागतं, म्हणून रात्री लावून सकाळपर्यंत बाहेर ठेवणं धोक्याचं. भांडं तिरकं केल्यावर दही हललं नाही, की लगेच फ्रिजमध्ये.

थंड दही पातळ फडक्यात बांधून फ्रिजमध्येच टांगायचं आणि साधारण अर्धा लिटर निवळ काढून टाकायची. माझ्या मते हीच खरी युक्ती आहे, कारण आम्ल पाण्यात विरघळलेलं असतं आणि निवळीबरोबर थोडा आंबटपणाही निघून जातो. उरलेलं घट्ट दही श्रीखंडाच्या चक्क्यासारखं पुरणयंत्रातून काढलं की गुठळ्या मोडतात. त्यात 450 ग्रॅम पिठीसाखर आणि वेलदोडा घालून हाताने घोटायचं. मिक्सर जास्त वेळ फिरवला तर लोणी सुटतं. एवढ्या गोडीत जिवाणूंची चाल जरा मंदावते.

पाणी मात्र आत्ता घालायचं नाही. हे घट्ट मिश्रण स्टीलच्या दोन-तीन उथळ डब्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवायचं. एकाच मोठ्या पातेल्याचा मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि आंबत जातो. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत ओला फडका गुंडाळलेला माठ पाणी सुरेख गार करतो, पण तिथेही गारवा साधारण वीस अंशांच्या वरच थांबतो. पाण्याला तो पुरतो, लस्सीला पुरत नाही. पाच अंशांच्या खाली जिवाणू अगदी सावकाश चालतात, पण थांबत नाहीत. म्हणून मिश्रण दुसऱ्या दिवसापर्यंतच ठेवावं. बर्फही मिश्रणात नको. तो वितळून तेवढंच पाणी घालतो.

पाहुणे बसले की एकेक डबा काढून, त्यात एकूण सव्वा लिटरच्या हिशेबाने बर्फासारखं गार पाणी थोडं थोडं घालत रवीने घुसळायचं. चमच्याच्या पाठीवर पातळ साय सरकावी तशी सलग लस्सी पसरली, तर ती जमली. निवळ वर आली असली, तरी लस्सी जिभेला मऊ लागत असेल तर एकदा घुसळून ती पुन्हा एकजीव होते. जिभेला रवाळ दाणे लागले तर ते घुसळून जात नाहीत. आंबटपणा वाढला असेल तर साखर घालून चव झाकता येते, आम्ल तेवढंच राहतं. बुडबुडे येत असतील किंवा आंबवलेल्या पिठासारखा वास असेल, तर लस्सी वाढू नये. अशा वेळी त्या डब्यातली लस्सी टाकून पुढचा डबा उघडायचा, म्हणून आधीपासूनच वेगवेगळे डबे करणं बरं.