दोन वाक्यांचं उत्तर

गुगलवर प्रश्न विचारला की कधी कधी यादीच्या वर एका चौकटीत थेट उत्तर दिसतं. याला फीचर्ड स्निपेट म्हणतात. आपल्या वेबसाइटचं उत्तर तिथे यावं असं प्रत्येक छोट्या व्यावसायिकाला वाटतं, आणि त्यासाठी ‘एफएक्यू स्कीमा टाका’ असा सल्ला त्याला हमखास मिळतो. या सल्ल्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे.

एफएक्यू स्कीमा म्हणजे पानाच्या कोडमध्ये ठेवलेली खूण. ‘हा प्रश्न, हे त्याचं उत्तर’ एवढंच ती यंत्राला सांगते. या खुणांची भाषा schema.org या नावाने गुगल, बिंग आणि याहू यांनी २०११ मध्ये एकत्र येऊन ठरवली. २०१९ पासून गुगल अशी खूण असलेल्या पानाच्या दुव्याखाली प्रश्नांची उघडझाप करणारी यादी दाखवू लागलं. मग जो तो पान मोठं दिसावं म्हणून ओढूनताणून प्रश्न रचू लागला. ऑगस्ट २०२३ मध्ये गुगलने ही सोय नामांकित सरकारी आणि आरोग्यविषयक संकेतस्थळांपुरती आवळली. म्हणजे रत्नागिरीच्या आंबा बागायतदाराने कितीही अचूक खूण घातली, तरी ती यादी त्याला मिळणार नाही.

वरची चौकट मात्र त्याला मिळू शकते, कारण तिचा या खुणेशी संबंध नाही. पानावर वाचकाला दिसणाऱ्या मजकुरातून गुगल तो उतारा स्वतः उचलतं. म्हणून खरं काम लेखनाचं आहे.

बागायतदाराला गिऱ्हाईक दर हंगामात विचारतं तो प्रश्न घेऊ: कच्चा हापूस फ्रिजमध्ये ठेवला तर चालतो का? पानावर बहुतेक वेळा असं उत्तर असतं: ‘आमच्या बागेतला आंबा नैसर्गिक पद्धतीने पिकवला जातो. त्यामुळे तो घरी आल्यावर, विशेषतः उन्हाळ्यात, लवकर खराब होईल या भीतीने अनेक जण करतात तसा लगेच फ्रिजमध्ये ठेवणं योग्य नाही.’ पहिलं वाक्य जाहिरातीत गेलं. दुसऱ्यात उत्तर आहे, पण अगदी शेवटच्या शब्दात. मराठीत क्रियापद आणि नकार दोन्ही वाक्याच्या टोकाला येतात, आणि उतारा लांबला की गुगल तो मध्येच तोडून पुढे टिंबं देतं. ‘लगेच फ्रिजमध्ये ठेवणं’ इथे तो तुटला तर वाचकाला नेमका उलटा सल्ला मिळेल. इंग्रजीच्या मार्गदर्शिका वाचून मराठीत लिहिणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही, म्हणून मला हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

आता हेच उत्तर असं लिहू: ‘नाही. कच्चा हापूस फ्रिजमध्ये ठेवू नये. थंडीमुळे तो नीट पिकत नाही आणि चव बिघडते. हवेशीर जागी गवताच्या अढीत पिकू द्या, आणि पिकल्यावरच फ्रिजमध्ये ठेवा.’ निर्णय पहिल्याच शब्दात आला, लगेच कारण आलं, मग काय करायचं ते आलं. ‘तो’ किंवा ‘हे फळ’ अशी सुरुवात न करता ‘कच्चा हापूस’ असं नाव घेतलं, कारण पानाबाहेर एकट्याने उभं राहिलेल्या उताऱ्याला मागचापुढचा संदर्भ नसतो. अढी कशी लावायची, फळं किती अंतरावर ठेवायची, हे खालच्या परिच्छेदात सावकाश सांगावं. प्रश्न मात्र गिऱ्हाईक बोलतं त्याच शब्दांत शीर्षक म्हणून द्यावा. ‘साठवणूकविषयक सूचना’ असं कुणी शोधत नाही.

एवढं झाल्यावर खूण घालायची असेल तर ती अशी दिसते:

```html
<script type="application/ld+json">
{
  "@context": "https://schema.org",
  "@type": "FAQPage",
  "mainEntity": [{
    "@type": "Question",
    "name": "कच्चा हापूस फ्रिजमध्ये ठेवला तर चालतो का?",
    "acceptedAnswer": {
      "@type": "Answer",
      "text": "नाही. कच्चा हापूस फ्रिजमध्ये ठेवू नये; थंडीमुळे तो नीट पिकत नाही आणि चव बिघडते. हवेशीर जागी गवताच्या अढीत पिकू द्या, आणि पिकल्यावरच फ्रिजमध्ये ठेवा."
    }
  }]
}
</script>
```

यातला प्रश्न आणि उत्तर पानावरही दिसलं पाहिजे. नुसतं कोडमध्ये लपवलेलं उत्तर गुगलच्या नियमात बसत नाही. एकाच प्रश्नाला वाचक आपापली उत्तरं देत असतील तर तिथे FAQPage नव्हे, QAPage लागतं. नेहमी घडणारी चूक अवतरणचिन्हांची असते: मजकूर वर्डमधून चिकटवला की सरळ चिन्हांच्या जागी वळणदार चिन्हं येतात आणि सगळी खूण निकामी होते. validator.schema.org वर पानाचा पत्ता टाकला की ती चूक लगेच सापडते. तिथे सगळं बरोबर निघालं, तरी त्याचा अर्थ खूण वाचता येते एवढाच. शोधात काय दिसेल याची ती हमी नव्हे.

उत्तर उपयोगी पडतंय का, ते गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये कळतं. लोक कोणते शब्द टाकून पानापर्यंत आले, याची यादी तिथे मिळते. त्या यादीत ‘हापूस किती दिवसांत पिकतो’ असं वारंवार दिसत असेल आणि पानावर त्याचं थेट उत्तर नसेल, तर पुढची दोन वाक्यं त्या प्रश्नासाठी लिहावीत.