‘ग्रेड दोन’ म्हणजे दुसरी स्टेज का?

डॉक्टर,
बाबांच्या डाव्या गालाच्या आतल्या व्रणाचा बायोप्सी रिपोर्ट मिळाला. त्यात ‘मॉडरेटली डिफरन्शिएटेड स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, ग्रेड दोन’ असं लिहिलंय. घरी सगळे दुसरी स्टेज धरून बसलेत. तसंच आहे का? आणि आता पुढे काय?

तंबाखूने तोंडाचा कॅन्सर झालेल्या माणसाच्या मुलीने असं पत्र लिहिलं, तर तिने नेमका हाच प्रश्न आधी विचारावा, कारण सगळा गोंधळ इथेच होतो. बायोप्सीत व्रणाचा छोटासा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. तोंडाच्या अस्तरातल्या चपट्या पेशींचा हा कॅन्सर आहे, एवढं त्यावरून पक्कं होतं. त्या पेशी मूळ रूपापासून किती बदलल्या आहेत, ते ग्रेड सांगते. आजार किती पसरलाय, ते त्या तुकड्यातून कळत नाही. त्यासाठी तपासणी आणि सीटी किंवा एमआरआय लागतो.

बाबांचा व्रण वरून दीड सेंटिमीटरचा आहे असं धरू. दिसायला तो लहानच. पण तो ८ मिलिमीटर खोल गेला असेल, तर हल्लीच्या नियमांनुसार पहिल्या गटात बसत नाही, कारण तिथे खोलीची मर्यादा ५ मिलिमीटर आहे. मानेत काही नसेल तर ही दुसरी स्टेज. त्याच बाजूच्या एका लहानशा गाठीत जरी कॅन्सर उतरला असला, तर तिसरी. ग्रेड मात्र तीच राहते.

मुलगी पुढे लिहिते: ‘मानेला गाठ लागत नाही, मग तिथेही ऑपरेशन कशाला?’

याचं उत्तर मुंबईच्या टाटा मेमोरियलमधूनच आलंय. डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुरुवातीच्या टप्प्यातले, मानेत गाठ न लागणारे रुग्ण होते. ज्यांच्या मानेतल्या ग्रंथी तोंडाच्या ऑपरेशनबरोबरच काढल्या, त्यांच्यातले ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांमध्ये हे प्रमाण ६७.५ टक्के होतं. बोटांना लागण्याआधीच कॅन्सर ग्रंथीत शिरलेला असू शकतो.

ऑपरेशननंतर काढलेला सगळा भाग पुन्हा तपासतात. कडा स्वच्छ आहेत का, खोली किती, किती ग्रंथींत कॅन्सर सापडला, हे त्या दुसऱ्या रिपोर्टमध्ये येतं. रेडिएशन लागणार की नाही, ते बहुतेक वेळा त्यावरच ठरतं. लागलंच तर ते साधारण सहा आठवड्यांत सुरू व्हायला हवं. म्हणून हा रिपोर्ट कधी मिळेल, हे आधीच विचारून ठेवावं.

पत्रातला शेवटचा प्रश्न साधा आहे: ‘बाबांचे खालचे दोन दात हलतात. दातांच्या डॉक्टरांकडे आधी जाऊ का?’ हो, आधीच. रेडिएशननंतर जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो. मग दात काढला तर जखम न भरण्याचा आणि हाडच सडू लागण्याचा धोका असतो. काढायचे दात त्याआधी काढून जखम भरायला दोनेक आठवडे द्यावे लागतात.