तीन आठवडे जुलाब, रिपोर्ट मात्र नॉर्मल

माझा मामेभाऊ उत्तराखंडच्या ट्रेकमध्ये ओढ्याचं पाणी न उकळता प्यायला. परतल्यावर आठवड्याभरात जुलाब सुरू झाले. पाण्यासारखे, उग्र वासाचे, पोट सतत फुगलेलं, पण रक्त नाही की ताप नाही. तीन आठवड्यांत वजन उतरलं, आणि शौचाची साधी तपासणी नॉर्मल!

इथेच बरेच जण फसतात. अशा जुलाबांमागे असू शकणारा जिआर्डिया हा परजीवी शौचातून रोज सारख्या प्रमाणात बाहेर पडत नाही, म्हणून एका नमुन्यात तो सहज निसटतो. सूक्ष्मदर्शकाखालीच पाहायचं असेल तर वेगवेगळ्या दिवशी तीन नमुने द्यावेत. त्याहून भरवशाची जिआर्डियाची अँटिजेन चाचणी किंवा पीसीआर. भावाचं निदान अँटिजेननेच झालं. आधीच मनाने मेट्रोनिडाझोल घेतलं असेल तर ते डॉक्टरांना जरूर सांगा, कारण मग तपासणीत काही सापडेलच असं नाही.

अमिबाची गोष्ट वेगळी आहे. आव-रक्त पडत असेल तर संशय त्याच्याकडे जातो. पण रिपोर्टात 'सिस्ट' लिहिलं म्हणजे अमिबियासिस झालाच, असं नाही. रोग करणारा एन्टअमिबा हिस्टोलिटिका आणि निरुपद्रवी डिस्पार यांच्या सिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली सारख्याच दिसतात. फरक कळतो तो त्या जातीपुरत्या अँटिजेन चाचणीने किंवा पीसीआरने. रक्त, ताप किंवा लघवी कमी होणं दिसलं तर मात्र रिपोर्टची वाट न पाहता डॉक्टर गाठा.

भावाला औषधानंतरही दुधाने काही आठवडे त्रास झाला. जिआर्डिया गेल्यावरही काहींच्या आतड्याला लॅक्टोज काही काळ पचत नाही, त्यामुळे लगेच औषधाचा दुसरा कोर्स सुरू करण्याआधी दूध थांबवून पाहावं.