ईमॅक्समध्ये टॅब बंद केला, पण फाइल बंद झालीच नाही: बफर, विंडो आणि फ्रेमचा घोळ

कॉलेजपासून व्हीएस कोड वापरत आलो होतो. पहिल्या नोकरीत एका सीनियरचं बघून ईमॅक्स घेतला आणि दुसऱ्याच आठवड्यात सहकाऱ्याचं काम पुसून टाकलं. गिटमुळे ते परत मिळालं, पण चूक नक्की कुठे झाली हे समजायला मला अख्खी संध्याकाळ लागली.

झालं असं. स्क्रीनचे दोन भाग केले होते, उजवीकडे `settings.py` उघडी होती. टाइमआउट ३० वरून ५ करून बघितला, पटलं नाही, म्हणून सेव्ह न करता तो भाग बंद केला. माझ्या डोक्यात हिशोब साधा होता: टॅब बंद, फाइल बंद, बदल गेले. नंतर टर्मिनलमध्ये `git pull` केलं. त्यात सहकाऱ्याने त्याच फाइलमध्ये केलेले बदल आले. संध्याकाळी घरी जायच्या घाईत ईमॅक्सला "सगळं सेव्ह कर" म्हटलं (`C-x s` आणि मग `!`). फाइल डिस्कवर बदलली आहे, तरी सेव्ह करू का, असं त्याने विचारलंही. मी न वाचता `yes` टाइप केलं. नंतर `git diff` बघितलं तर सहकाऱ्याच्या ओळी लाल रंगात, वजा चिन्हासह!

म्हणजे मी "बंद" केलेली फाइल माझ्या जुन्या बदलासह दिवसभर जिवंत होती.

आता कारण बघू. आपल्या नेहमीच्या एडिटरमध्ये टॅब म्हणजे दोन गोष्टी एकत्र असतात: फाइलचा मजकूर आणि तो बघायची जागा. टॅब बंद केला की दोन्ही जातात. मजकूर सेव्ह केलेला नसेल तर एडिटर आधी विचारतो. ईमॅक्सने या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. मजकूर जिथे राहतो तो बफर. बफर बघायची चौकट म्हणजे विंडो. आणि ज्याला आपण रोजच्या बोलण्यात विंडो म्हणतो, म्हणजे वरच्या पट्टीवर बंद करायचं बटण असलेली, डेस्कटॉपवर इकडेतिकडे सरकवता येणारी, तिला ईमॅक्स फ्रेम म्हणतो. ही नावं उलटी वाटतात, पण ईमॅक्स १९७० च्या दशकातला आहे. आजच्यासारखे डेस्कटॉप घरोघरी यायच्या आधीच हे शब्द त्याच्यात रुजले होते, त्यामुळे आता तेच लक्षात ठेवायचे.

फोनवरचं उदाहरण घ्या. गाणं चालू असताना होम बटण दाबलं की म्युझिक ॲप स्क्रीनवरून जातं, पण गाणं चालूच राहतं. ॲप बंद झालेलं नसतं, फक्त दिसत नसतं. बफरचं तसंच आहे. फरक एवढाच की मेमरी कमी पडली की फोन स्वतःहून ॲप मारतो, ईमॅक्स मात्र तुमचे बफर आपणहून मारत नाही. सकाळी उघडलेल्या चाळीस फाइल्स रात्रीही तिथेच असतात.

हे करूनच बघा. `C-x` म्हणजे कंट्रोल धरून एक्स. `C-x 3` म्हणजे ते दाबून सोडायचं, मग नुसता ३.

`C-x C-f` दाबून एखादी लांबलचक फाइल उघडा. मग `C-x 3` दाबा. दोन विंडो दिसतील आणि दोन्हींत तीच फाइल असेल. व्हीएस कोडमध्ये स्प्लिट केल्यावर असंच होतं, त्यामुळे इथवर ओळखीचं वाटेल. `C-x o` ने दुसऱ्या विंडोत जा आणि खाली स्क्रोल करा. एका बाजूला वरचे इम्पोर्ट, दुसऱ्या बाजूला तळातलं फंक्शन. प्रत्येक विंडोला स्वतःचा कर्सर आहे, पण मजकूर एकच आहे. वर एक ओळ घाला, मग दुसऱ्या विंडोत वर जाऊन बघा, तिथेही तीच ओळ असेल. दोन प्रती नाहीतच, एका बफरकडे बघायच्या दोन खिडक्या आहेत.

आता `C-x 0` दाबा. तुम्ही ज्या विंडोत आहात ती जाईल. मी त्या दिवशी हेच दाबलं होतं. ईमॅक्सने सेव्हचं काहीच विचारलं नाही, कारण त्याच्या दृष्टीने काही गमावलंच नव्हतं. पुन्हा `C-x 0` दाबलंत तर तो नकार देईल, कारण फ्रेममध्ये निदान एक विंडो हवीच.

बफर खरंच शिल्लक आहे का, ते `C-x C-b` ने कळतं. सगळ्या बफरची यादी येते आणि सेव्ह न झालेल्या बफरपुढे `*` असतो. विंडोच्या तळातल्या पट्टीवरही `**` दिसलं तर सेव्ह बाकी आहे असं समजा. मी त्या दिवशी ही यादी एकदा जरी बघितली असती तरी `settings.py` पुढचा तारा दिसला असता.

फाइल खरोखर बंद करायची तर `C-x k`. हा बफर मारतो, आणि बफर फाइलचा असून त्यात सेव्ह न केलेले बदल असतील तर आधी विचारतो. पण `*scratch*` सारखा, कोणत्याच फाइलशी न जोडलेला बफर असेल तर न विचारताच मारतो. तिथे लिहिलेली नोंद हवी असेल तर आधी `C-x C-w` ने फाइलमध्ये ठेवा.

फ्रेमबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दुसरा मॉनिटर असेल तर `C-x 5 2` ने नवी फ्रेम उघडा आणि तिकडे सरकवा. बफर दोन्ही फ्रेममध्ये सामाईक असतात, म्हणून तिकडची फाइल इकडे `C-x b` ने लगेच मिळते. फ्रेम `C-x 5 0` ने बंद होते आणि इथेही बफर मरत नाहीत. घाईत `C-x C-c` दाबू नका, त्याने अख्खा ईमॅक्स बंद होतो.

"पण मला टॅबच हवेत" म्हणणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. ईमॅक्स २७ पासून `tab-bar-mode` आहे. तो चालू केला की वर टॅब दिसतात आणि वाटतं, चला, सुटलो. पण हा टॅब म्हणजे एक फाइल नव्हे, विंडोंची अख्खी मांडणी आहे. एका टॅबमध्ये कोड आणि टेस्ट शेजारी शेजारी, दुसऱ्यात लॉग, असा त्याचा उपयोग. तो बंद केला तरी आतले बफर राहतातच. प्रत्येक फाइलला एक टॅब असं हवं असेल तर `global-tab-line-mode` त्याच्या जास्त जवळ जातो. मी दोन्ही काही दिवस वापरून बंद केले, `C-x b` दाबून नावाची दोन-तीन अक्षरं टाइप करणं मला सोपं पडतं.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये घाला. `C-x 1` दाबलं की बाकीच्या सगळ्या विंडो जातात आणि नीट लावलेली मांडणी मोडते. ती परत आणायला `~/.emacs.d/init.el` मध्ये ही ओळ लिहा:

```elisp
(winner-mode 1)
```

ईमॅक्स पुन्हा सुरू करा. यानंतर मांडणी मोडली की `C-c` आणि मग डावा बाण दाबा, आधीच्या विंडो जशा होत्या तशा परत येतील. फक्त मधल्या वेळात तुम्ही एखादा बफर `C-x k` ने मारला असेल, तर तो यातून परत येणार नाही.